जाहिरात परत आली, मग आपल्या अर्जाचं काय?

ऑगस्टच्या अखेरीस एकदा रात्री साडेनऊला शेजारची पोरगी मोबाईल हातात धरूनच आमच्याकडे आली. "काकू, हे पाहा बरं. तीच जाहिरात परत टाकली यांनी. म्हणजे मला काढून टाकलं ना?" नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यातली अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा. तिने ४ ऑगस्टला अर्ज केला होता आणि २९ ऑगस्टला तीच जागा नव्याने दिसून राहिली होती. मधल्या काळात ना फोन, ना मेल.

मी स्वतः बुटीबोरी एमआयडीसीत चौदा वर्षं भरतीचं काम पाहते, तिच्या कंपनीत नव्हे, दुसरीकडे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून ही गोष्ट कशी दिसते ते मला माहीत आहे. जाहिरात परत येण्याचा आणि तुम्हाला नाकारण्याचा संबंध असेलच असं नाही. पोर्टलवरच्या जाहिरातीला मुदत असते, ती संपली की आम्ही परत टाकतो. कधी मुदत असते, पण यादीत जाहिरात खाली जाते, म्हणून वर आणतो. कधी निवडलेला माणूस दोन महिन्यांचा नोटीस पिरियड काढतो आणि शेवटच्या आठवड्यात "येत नाही" म्हणतो. कधी मंजूर पगार बदलतो, कधी एकाच्या दोन जागा होतात. आणि कधी, हेही सांगायला हवं, आधीचे अर्ज कोणी उघडलेलेच नसतात. एकदा मी सुट्टीवर असताना जाहिरात संपली, आल्यावर मी ती नवी म्हणून टाकली आणि जुन्या फोल्डरमधले दीडशेच्या वर अर्ज तसेच पडून राहिले. त्यातल्या दोघांनी विचारलं म्हणून मला आठवलं.

म्हणून "माझा अर्ज अजून चालू आहे का?" असं नुसतं विचारून फारसं हाती लागत नाही. समोरचा "हो, प्रोसेस चालू आहे" म्हणतो आणि विषय संपतो. विचारायचं असतं ते वेगळं: माझा जुना अर्ज या नव्या जाहिरातीत धरला जाणार आहे, की मी परत भरू? या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं, आणि ते देताना त्या माणसाला तुमची फाईल उघडावी लागते.

आधी नंबर पाहा

मेल लिहायच्या आधी अर्धा तास शोधाशोधीत घालवा. पोरीला मी पहिलं हेच विचारलं, "जुन्या जाहिरातीचा नंबर आहे का?" तिच्याकडे नव्हता. पण अर्ज केल्यावर आलेला आपोआपचा मेल इनबॉक्सात होता. `thank you for applying` असं शोधल्यावर निघाला आणि त्यात `REQ-2417` लिहिलेलं होतं. नव्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात `REQ-2533`. इथेच अर्धं उत्तर मिळालं.

कंपनीत जागा भरायची तर आधी त्या जागेची मंजुरी लागते. तिला आम्ही रिक्विझिशन म्हणतो आणि तिला एक नंबर पडतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराचा अर्ज त्या नंबरला बांधलेला असतो. नंबर तोच असेल तर जाहिरात फक्त ताजी केली आहे आणि तुमचा अर्ज आहे तिथेच आहे. नंबर बदलला असेल तर जुनी मंजुरी बंद करून नवी काढली आहे. अशा वेळी जुने अर्ज आपोआप नव्यात जात नाहीत, कोणीतरी मुद्दाम हलवावे लागतात. नव्या नंबरच्या यादीत तुमचं नाव नाही, म्हणजे ती यादी उघडणाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही अर्जच केलेला नाही.

लिंक्डइनवर कंपनीचा हा नंबर दिसला नाही तर जाहिरातीची लिंक पाहा. `linkedin.com/jobs/view/` याच्या पुढे जे आकडे असतात तो त्या जाहिरातीचा क्रमांक. लिंक्डइनवरूनच अर्ज केला असेल तर आणखी सोपी खूण आहे. जाहिरात उघडल्यावर तुम्ही अर्ज केल्याची नोंद दिसत असेल आणि वर `Reposted` लिहिलेलं असेल, तर ती जुनीच आहे. `Easy Apply` चं बटण परत कोरं दिसत असेल तर ती नवी टाकलेली आहे. मात्र कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन अर्ज केला असेल तर लिंक्डइनची ही खूण धरू नका, त्याला तुमच्या तिकडच्या अर्जाची खबर नसते. त्या पानावर लॉगिन करून तिथली स्थिती पाहा.

नंबर तोच असेल तर परत अर्ज करू नका. बरीचशी पोर्टलं करूही देत नाहीत. मग काही जण दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडतात. आमच्याकडे मोबाईल नंबर जुळला की दोन्ही अर्ज एकाखाली एक दिसतात, आणि दोघांत अनुभवाचे महिने वेगळे लिहिलेले असले की पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

जुनी आणि नवी जाहिरात शेजारी ठेवा

जुन्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. नसेल तर नोकरीच्या अलर्टचा मेल शोधा, त्यात निदान अनुभव, ठिकाण आणि पगाराची ओळ सापडते. पोरीने नशिबाने जुना मजकूर मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तेव्हा तीन फरक निघाले. अनुभव आधी २ ते ४ वर्षं होता, आता २ ते ५. आधी नुसतं टॅली होतं, आता टॅली किंवा सॅप. आणि एक नवी ओळ होती: ई-वे बिल आणि डिस्पॅचशी समन्वय.

ही तिसरी ओळ मला महत्त्वाची वाटली. अनुभवाची वरची मर्यादा वाढवली म्हणजे पहिल्या खेपेला मनासारखी माणसं मिळाली नाहीत. ई-वे बिल नव्याने आलं म्हणजे माल बाहेर पाठवण्याच्या कामाचा थोडा भार या जागेवर टाकला आहे. पोरगी अडीच वर्षं धंतोलीत एका सीएकडे काम करते. तिच्या बायोडाटात जीएसटीआर-१, ३बी, टीडीएस सगळं होतं, पण ई-वे बिलाचा शब्द नव्हता. मी विचारलं, "तू काढतेस का?" तर म्हणे, "हव ना काकू, आठ महिन्यांपासून दोन क्लायंटचे मीच काढून राहिले रोज. त्यात काय लिहायचं?" लिहायचं तेच होतं.

जाहिरातीत काहीच बदललेलं नसेल तर मेलमध्ये ओढूनताणून नवं काही घालू नका. नुसता प्रश्न पुरे.

कोणाला आणि कधी

आपोआपचा मेल बहुधा अशा पत्त्यावरून येतो जिथे उत्तर पोचतच नाही. लिंक्डइनच्या जाहिरातीत `Meet the hiring team` खाली कोणाचं नाव असेल तर तो तुमचा माणूस. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा करिअर विभागाचा ईमेल आणि लँडलाइन. प्लांट हेडचा मोबाईल कुठून तरी मिळवून त्याला मेसेज टाकणं टाळा. तो ते एचआरकडे पुढे ढकलतो, त्याला "हे काय आहे?" अशी ओळ जोडून, आणि तुमच्या नावाची पहिली ओळख ती होते.

दिवसाचंही गणित आहे. मोठ्या कंपनीत भरतीसाठी वेगळी माणसं असतात. पण बुटीबोरी-हिंगण्याच्या मध्यम कारखान्यांत जी बाई मुलाखती लावते तीच हजेरी, पगार, पीएफ आणि ईएसआयसीही पाहते. पहिला आठवडा पगारात जातो, पीएफ आणि ईएसआयसी भरायची शेवटची तारीख १५. त्यामुळे १६ नंतरच्या मेलला शांतपणे उत्तर मिळतं. अर्थात जाहिरात १ तारखेला आली तर पंधरा दिवस थांबू नका, तोवर मुलाखती होऊन जातील. मेल टाकून ठेवा, फोन मात्र त्या हिशेबाने करा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या दिवशी, नागपुरात स्थानिक सुट्टी असते हे पुण्या-मुंबईच्या हेड ऑफिसला ठाऊक नसतं. तो दिवस तुमच्या मोजणीतून वगळा.

तुमच्या पहिल्या अर्जाला दहा कामाचे दिवस झाले असतील आणि जाहिरात परत येऊन दोन दिवस उलटले असतील, तर विचारायला काहीच हरकत नाही. अर्ज करून चारच दिवस झाले असतील तर जाहिरात फक्त वर आणली आहे असं समजा आणि आठवडाभर थांबा.

मेल

पोरीचा पहिला मसुदा असा होता: "मी एक महिन्यापूर्वी अर्ज केला होता परंतु अद्याप कोणताही प्रतिसाद मिळालेला नाही आणि आपण पुन्हा जाहिरात दिलेली आहे, तरी कृपया कारण कळवावे." यात खोटं काही नाही. पण कारण मागितलं की एचआर सावध होते, उत्तर वरिष्ठांना विचारून द्यावं लागतं आणि मग देतच नाही. आम्ही बसून तो असा केला:

> विषय: Accounts Executive, Butibori, REQ-2417 / REQ-2533
>
> नमस्कार मॅडम,
>
> बुटीबोरी येथील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी मी ४ ऑगस्टला तुमच्या करिअर पानावरून REQ-2417 या क्रमांकाखाली अर्ज केला होता. २९ ऑगस्टपासून हीच जागा REQ-2533 या क्रमांकाने दिसत आहे.
>
> माझा आधीचा अर्ज नव्या क्रमांकात धरला जाईल, की मी REQ-2533 वर पुन्हा अर्ज करू?
>
> नव्या जाहिरातीत ई-वे बिलाचा उल्लेख आहे. गेले आठ महिने दोन क्लायंटची ई-वे बिलं मी रोज काढते. हे आधीच्या बायोडाटात नव्हतं, म्हणून सुधारित बायोडाटा जोडला आहे. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे.
>
> (नाव, मोबाईल)

ऑफिस इंग्रजीत चालत असेल तर हेच इंग्रजीत लिहा, लांबी वाढवू नका. विषयात दोन्ही नंबर ठेवायचं कारण असं की आम्ही इनबॉक्सात नंबरानेच शोधतो, "Application status" नावाचे मेल शेकड्याने असतात. प्रश्न वेगळ्या परिच्छेदात एकटा ठेवला आहे, म्हणजे मोबाईलवर वाचणाऱ्यालाही तो दिसतो. नोटीस पिरियड लिहिला कारण निवडलेला माणूस आयत्या वेळी गळल्यामुळे जागा परत उघडली असेल, तर आता त्यांना लवकर येणारा माणूस हवा असतो.

लिंक्डइनवर ओळख नसलेल्या माणसाला जोडणीची विनंती पाठवताना जेमतेम दोन ओळी बसतात. तिथे एवढंच: "REQ-2417 वर ४ ऑगस्टला अर्ज केला आहे. REQ-2533 साठी परत करावा लागेल का?" तेच ईमेलवरही पाठवलं असेल तर तसं कळवा, नाहीतर दोन जण एकाच उमेदवाराला दोन उत्तरं देतात.

उत्तर नाही आलं तर फोन, एकदाच

पाच कामाचे दिवस गेले. पोरीला फोनची धास्ती होती, म्हणून तिने तो माझ्यासमोर लावला. सकाळी साडेअकरा ही वेळ मी निवडली. त्याआधी शिफ्टची हजेरी जुळवणं चालू असतं आणि एकनंतर जेवण. गेटवरच्या माणसाने आधी विचारलं, "कोणाशी बोलायचं?" तिने "एचआरमध्ये भरतीचं काम पाहणाऱ्या मॅडमशी" म्हटलं आणि लाइन जोडली गेली.

"मॅडम, नमस्कार. अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मी मागच्या आठवड्यात मेल केला होता, REQ-2417 आणि 2533. एकच विचारायचं होतं, जुना अर्ज चालेल की नवीन भरू?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज. "थांबा हं... 2417 बंद झाली. त्यात आहे तुमचं नाव. नवीनमध्ये नाही दिसून राहिलं."

"मग आज भरून टाकू का?"

"टाका. आणि बायोडाटा नवा जोडा, मेलमधला."

मिनिटभरही लागलं नाही. "मला का नाही बोलावलं?" हा प्रश्न तिच्या ओठावर होता, मी खुणेने थांबवलं. त्या बाईच्या हातात त्या क्षणी तेवढंच होतं, यादीत नाव घेणं. फोन उचललाच नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा प्रयत्न करा. रोज करू नका. नंबर बदललेला असेल आणि सात-आठ कामाचे दिवस कोणीच बोलत नसेल, तर आणखी वाट न पाहता नव्या नंबरवर अर्ज करा. त्यात नियमभंग नाही.

अर्ज परत भरताना एक फसगत होते, ती तिचीही होता होता राहिली. पोर्टल जुन्या खात्यातली माहिती स्वतःच भरून देतं, जुन्या बायोडाटाच्या फाईलसकट. तिने पुढे-पुढे दाबत शेवटचं पान गाठलं तेव्हा खाली ४ ऑगस्टचीच पीडीएफ जोडलेली दिसली. ती काढून नवी टाकली, "सध्याचा पगार" आणि "नोटीस पिरियड" या रकाने परत वाचले आणि मगच पाठवलं. जुना अर्ज मागे घेण्याच्या फंदात पडू नका. बंद नंबरवरचा अर्ज कोणाला आडवा येत नाही, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये मागे घेतलेला उमेदवार "इच्छुक नाही" म्हणून नोंदला जातो.

मध्ये कन्सल्टन्सी असेल तर

सीताबर्डी-धरमपेठेतल्या कन्सल्टन्सीमार्फत अर्ज गेला असेल तर वरचं सगळं जरा थांबवा. कंपनी कन्सल्टंटला माणूस रुजू झाल्यावर फी देते, आणि ज्याने नाव आधी पाठवलं त्याचा तो उमेदवार, असा करार असतो. तो हक्क काही महिने टिकतो. त्या काळात तुम्ही थेटही अर्ज केला तर एकाच माणसासाठी फी द्यायची की नाही हा वाद उभा राहतो, आणि वादाचा उमेदवार बाजूला ठेवणं एचआरला सोपं पडतं.

म्हणून आधी कन्सल्टंटला लेखी विचारा: माझं प्रोफाईल कंपनीला कोणत्या तारखेला पाठवलं? तारीख सांगितली तर नव्या जाहिरातीबद्दल त्यांनाच विचारायला लावा. टाळाटाळ झाली तर बहुतेक वेळा पाठवलेलंच नसतं. मग "माझं प्रोफाईल या कंपनीला पाठवू नये, मी थेट अर्ज करत आहे" असं मेलवर कळवून स्वतः अर्ज करा. एकच जागा चार कन्सल्टन्सींच्या नावाने दिसली तर ती परत निघालेली जाहिरात नव्हे. एकच काम चौघांना दिलेलं आहे, इतकंच.

आणि विचारणा केल्यावर कोणी "अर्ज ॲक्टिव्ह ठेवायला" नोंदणी शुल्क मागितलं, मग ते पाचशे असो की दोन हजार, तर ती फसवणूक आहे. खऱ्या जाहिरातीचा मजकूर उचलून दुसऱ्या नावाने टाकणारे आहेत. ईमेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी जुळतो का ते पाहा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

सरकारी भरतीत यातलं काही चालत नाही. तिथे जाहिरात परत निघाली तर शुद्धिपत्रक किंवा नवी जाहिरात शेवटपर्यंत वाचा. आधी अर्ज केलेल्यांनी परत करायचा की नाही हे त्यातच लिहिलेलं असतं. कारकुनाने फोनवर काय सांगितलं याला तिथे किंमत नाही.

उत्तरांचा अर्थ

"तुमचा बायोडाटा आमच्याकडे ठेवला आहे, संधी आल्यास कळवू" हे उत्तर मीही शेकडो वेळा पाठवलं आहे. या जागेपुरता तो नकार असतो. "प्रोफाईल मॅनेजरकडे आहे" म्हटलं तर खरंच असू शकतं, आठ कामाच्या दिवसांनी एकदा विचारा आणि मग सोडा. "जागा होल्डवर आहे" म्हणत असतील आणि जाहिरात मात्र दिसत असेल तर तेही खोटं नसतं, मंजुरी अडकलेली असते आणि जाहिरात काढायची कोणाला आठवण नसते.

पोरीला १८ सप्टेंबरला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीत टॅलीवर एक नोंद आणि ई-वे बिलावर दोन प्रश्न विचारले. निकाल अजून यायचा आहे. काल रात्री तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला, तीच जाहिरात पुन्हा वर आलेली. खाली `REQ-2533` ला लाल गोल केलेला आणि सोबत एवढंच: "नंबर तोच आहे काकू, थांबते."